प्रतिसाद: स्नेहसंमेलनाच्या माहितीपटासाठी परवानगीपत्र

"शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनावर माहितीपट करायचा आहे. मुख्याध्यापिकांना पत्रात नेमके काय लिहावे?"

चित्रफीत शेवटी कोण पाहणार, हे पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात लिहावे, कारण बाकीच्या अटी त्यावरच ठरतात. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार विद्यार्थी व शिक्षक यांनी पालकांसमोर केलेल्या सादरीकरणाला सवलत मिळते. मात्र तेच चित्रपटगीतावरील नृत्य यूट्यूबवर टाकले की ती सवलत तेथवर पोहोचत नाही आणि ध्वनी बंद होण्याची किंवा चित्रफीत काढली जाण्याची शक्यता असते. म्हणून प्रेक्षक कोण हे आधी स्पष्ट करून पुढे मी असे लिहीन:

"रंगीत तालीम व मुख्य कार्यक्रम या दोन्ही दिवशी आम्ही दोघे एका कॅमेऱ्याने, मंचासमोर न येता, चित्रीकरण करू. मुलांच्या मुलाखती पालकांची लेखी संमती असेल तरच घेऊ, वेशभूषेच्या खोलीत कॅमेरा नेणार नाही आणि प्रसारणापूर्वी संपूर्ण माहितीपट आपणांस दाखवू."

संमतीपत्रे वर्गशिक्षकांमार्फत आधीच्या आठवड्यात वाटावीत. ज्यांचा नकार असेल त्या मुलांची यादी तालमीलाच हाती असावी, कारण समूहनृत्यातून एक चेहरा संकलनात वगळणे फार कठीण जाते.