मदत हवी आहे: हा कोंडाच आहे की सोरायसिस?

मिताली: वडील 54 वर्षांचे. डोक्यातून पापुद्रे पडतात. मानेच्या वर आणि उजव्या कानामागे दोन लालसर चट्टे आहेत. केटोकोनॅझोल 2 टक्के शाम्पू आठवड्यातून दोनदा, असा महिनाभर लावला. खांद्यावर पडणारा भुसा कमी झाला, चट्टे मात्र जसेच्या तसे. हे नक्की काय असेल?

रानवारा: हट्टी कोंडा. बुरशीने होतो. रात्री तेल चोपडून ठेवा, सकाळी लिंबू चोळा.

सुमेधा: बुरशीचं बरोबर आहे, पण ती टाळूच्या तेलकटपणावरच पोसते. रात्रभर तेल म्हणजे तिला खुराक. आणि सोललेल्या जागी लिंबू झोंबतं. मिताली, शाम्पू डोक्यावर किती वेळ ठेवत होते? चट्ट्याची कड स्पष्ट आहे का? भुवया, नाकाच्या कडा, कोपर आणि नखंही बघून सांगा.

मिताली: पाच मिनिटं ठेवायचे. कड बोटाला जाणवते, मानेवर केसांच्या रेषेखाली उतरली आहे. पापुद्रा जाड, कोरडा, चंदेरी. एकदा खरवडला तर रक्ताचे बारीक ठिपके आले. नाकाच्या कडेला मात्र पिवळसर, तेलकट खपल्या आहेत. कोपर स्वच्छ. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत.

सुमेधा: म्हणजे शाम्पू नीट वापरला होता. साध्या कोंड्यात भुसा बारीक, पांढरा असतो आणि खालची कातडी लाल होत नाही. लाली आली, खपल्या पिवळट-चिकट झाल्या, भुवया आणि नाकाच्या कडाही धरल्या, की तो सेबोरिक डर्मटायटिस. त्यात लालीची कड विरत जाते. तुमच्या वडिलांच्या चट्ट्यांची उठावदार कड, चंदेरी थर, रक्ताचे ठिपके आणि नखांवरचे खड्डे सोरायसिसकडे बोट दाखवतात. नाकाजवळचं वर्णन सेबोरिकचं आहे. दोन्ही एकत्र असू शकतात, म्हणूनच शाम्पूने अर्धंच काम केलं असावं. सावळ्या कातडीवर लाली जांभळट किंवा तपकिरी दिसते, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका.

बाळाची_आई: माझ्या तीन महिन्यांच्या बाळाच्या टाळूवरही पिवळ्या खपल्या आहेत. हाच शाम्पू चालेल?

सुमेधा: नाही. तान्ह्यांच्या अशा खपल्या बहुतेक वेळा आपोआप जातात. थोडं तेल लावून मऊ करा, मऊ ब्रशने हलकेच काढा.

रानवारा: बघा, तेल चालतंच की!

सुमेधा: जाड थर मऊ करायला, अंघोळीआधी तासभर, मोठ्यांनाही चालेल. रात्रभर नाही. मिताली, खरवडणं आधी बंद. सोरायसिसमध्ये जखम झाली की तिथेच नवा चट्टा उठू शकतो. त्वचारोगतज्ज्ञ बहुधा थर सुटायला सॅलिसिलिक ॲसिड आणि लालीसाठी स्टिरॉइडचं लोशन देतील. ते मनाने आणू नका, चेहऱ्यावर तर मुळीच लावू नका. सोरायसिस सांधेही धरू शकतो, म्हणून सकाळी बोटांचे सांधे आखडतात का, हेही विचारून ठेवा.

मिताली: आखडतात म्हणतात, पण शुगरही आहे. ते त्यामुळेही असू शकतं ना?

सुमेधा: असू शकतं. तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. नखं आणि सांधे, दोन्ही डॉक्टरांना दाखवा.