सहलीच्या परिपत्रकात ‘प्रवेश शुल्क’ लिहावे की ‘तिकीट’?

शिक्षिका, जालना जिल्हा:
आमच्या शाळेच्या नववीच्या वर्गाची सहल वेरूळ आणि दौलताबादला जायची आहे. परिपत्रक मी लिहिले होते: ‘सहलीची फी ४५० रुपये आहे. लेण्यांचे तिकीट शाळा काढेल. सोबतचा फॉर्म भरून फीसह वर्गशिक्षकांकडे द्यावा.’ मुख्याध्यापकांनी ते औपचारिक मराठीत करायला सांगितले, म्हणून दुसरा मसुदा असा झाला: ‘सहल शुल्क रु. ४५० असून प्रवेश शुल्क शाळेमार्फत भरण्यात येईल. सोबतचे प्रपत्र भरून शुल्कासह सादर करावे.’

हा कागद घरी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी एक पालक शाळेत आले. पुढच्या वर्षी दहावीच्या प्रवेशाची फीस शाळा भरणार आहे, असे त्यांना वाटले होते. आनंदाने आले होते. त्यांना खरे सांगताना मला फार वाईट वाटले. चूक त्यांची नव्हती, आमच्या वाक्याची होती. आता सुधारित परिपत्रक काढायचे आहे. तिकीट, फी आणि फॉर्म या तिन्हींना नेमके काय लिहावे?

पदवीचा विद्यार्थी, लातूर:
तिकीट आणि फॉर्म हे दोन्ही शब्द इंग्रजी आहेत, ते परिपत्रकात नकोत. तिकिटाला ‘प्रवेशिका’ आणि फॉर्मला ‘अर्ज’ लिहा. अर्ज हा अस्सल मराठी शब्द आहे, कुणालाही कळेल. फीला शुल्क बरोबर आहे.

निवृत्त लेखनिक, परभणी:
अर्ज कुणालाही कळेल हे खरे, पण तो मुळात अरबी आहे, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. दाखला, नक्कल, हजेरी हेही तसेच. आपल्या भागात निजामाच्या काळात शाळाही उर्दूतून चालत, माझे वडील ‘चौथी जमात’ म्हणायचे. त्यामुळे शब्द कुठून आला यावरून परिपत्रक लिहिता येत नाही. कायद्याच्या नावातही ‘बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क’ असेच आहे आणि त्यातला मोफतही बाहेरूनच आलेला.

बाईंच्या वाक्यात घोळ केला तो ‘प्रवेश’ या शब्दाने. शाळेच्या कागदावर प्रवेश म्हणजे नाव दाखल होणे. प्रवेश अर्ज, प्रवेश शुल्क, प्रवेश निर्गम नोंदवही, सगळीकडे तोच अर्थ. लेण्यांच्या फाटकावर मात्र प्रवेश शुल्क म्हणजे आत जायचे पैसे. फाटकावरचा शब्द शाळेच्या शिक्क्याखाली आला की वाचणारा त्याला शाळेचाच अर्थ लावणार. ‘प्रवेशिका’ लिहिलीत तरी सुटका नाही, कारण निबंध स्पर्धेसाठी पाठवतात तीही प्रवेशिकाच.

तिकीट तसेच ठेवा. तिकिटे, तिकिटाचे, तिकिटांसाठी असा तो मराठी व्याकरणाने चालतो. टपाल खात्याचेही तिकीटच असते. औपचारिक मराठीत तो केव्हाच बसला आहे.

सेवा केंद्र चालक, हिंगोली:
तिकिटाला बोर्डाचा शब्द ‘प्रवेशपत्र’ आहे, तोच लिहा ना. परीक्षा जवळ आली की आमच्याकडे पोरं हॉल तिकिटाची झेरॉक्स काढायला येतात, त्यावर प्रवेशपत्रच छापलेलं असतं.

शिक्षिका, जालना जिल्हा:
दादा, ते परीक्षेचे. इथे लेणी बघायचे तिकीट आहे.

सेवा केंद्र चालक, हिंगोली:
बरं, माझं वाचण्यात चुकलं. पण एक सांगतो, प्रवेशपत्र म्हटलं की निम्मे पालक ॲडमिशनचा कागद समजायलेत. ‘परीक्षेचं हॉल तिकीट’ म्हटलं की लगेच कळतं.

निवृत्त लेखनिक, परभणी:
म्हणजे तिथेही घोटाळा ‘प्रवेश’चाच. ‘परीक्षा प्रवेशपत्र’ असे दोन्ही शब्द सोबत लिहिले तर बराच कमी होतो.

आता फॉर्म. याला मराठीत एक शब्द नाही, कामाप्रमाणे तीन-चार आहेत. काही मागायचे असेल तर अर्ज. दहावी-बारावीच्या परीक्षेला बसण्यासाठी मंडळ आवेदनपत्र म्हणते. शाळेने माहिती भरून वरच्या कार्यालयाला पाठवायचा तक्ता असेल तर प्रपत्र. कागदाची ठरलेली मांडणी म्हणजे नमुना, जसा तलाठ्याकडचा गाव नमुना. बाईंच्या कागदात पालक काहीच मागत नाहीत, मुलाला पाठवायला होकार देतात. म्हणून तो अर्जही नाही आणि प्रपत्रही नाही. ते संमतिपत्र आहे, आणि ‘ति’ ऱ्हस्व.

पालक, बीड जिल्हा:
आमच्याकडं सहलीच्या दिवसांत निम्म्या लेकरांचे आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात. कागद आजीच्या हातात पडतो. माझ्या पुतणीचं संमतिपत्र तसंच परत गेलं, कारण आजीला वाटलं ही शाळेची नोटीस आहे. शब्द कोणताही घाला, पण कुणी काय करायचं ते सांगा. आणि आजीची सही चालते का, अंगठा चालतो का, तेही लिहा.

निवृत्त लेखनिक, परभणी:
ताई, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. नाव संमतिपत्रच ठेवू, पण वाक्य असे करू: ‘सोबतच्या संमतिपत्रावर आई, वडील किंवा घरी सांभाळ करणाऱ्या व्यक्तीने सही किंवा अंगठा करावा.’ आजीआजोबांची संमती चालेल का, हे मात्र मुख्याध्यापकांना आधी विचारून घ्या.

पदवीचा विद्यार्थी, लातूर:
अर्जाचं माझं चुकलं. पण शुल्क तरी बरोबर आहे ना?

निवृत्त लेखनिक, परभणी:
शब्द बरोबर आहे. शाळांच्या फीबाबत राज्याचा २०११ चा कायदा आहे, त्याच्या नावातच ‘शुल्क विनियमन’ आहे. पण शुल्क वापरताना दोन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली व्याकरणाची. फी स्त्रीलिंगी, शुल्क नपुंसकलिंगी. ‘परीक्षा शुल्क भरावी’ असे दिसले की ओळखावे, आधी फी लिहिली होती आणि नंतर तिच्या जागी शुल्क ठेवले, क्रियापद तसेच राहिले. ‘शुल्क भरावे’ हवे.

दुसरी गोष्ट अर्थाची. माझ्या मते शुल्क म्हणजे संस्था एखाद्या सेवेसाठी आकारते ती रक्कम. सहलीचे ४५० रुपये गाडीभाडे, जेवण असेच खर्च होणार. तिथे ‘सहलीचा खर्च प्रत्येकी ४५० रुपये’ हे नेमके. मी वर्गणीसुद्धा लिहिली असती.

शिक्षिका, जालना जिल्हा:
वर्गणी आमच्याकडे ऐच्छिक वाटते, गणपतीची देतात तशी. मग कुणी दोनशेच आणून देईल. आणि पालक तोंडाने फीसच म्हणतात. शुल्क नको असेल तर मी ‘खर्च’ घेते. मुख्याध्यापक मात्र शुल्कावर ठाम आहेत, पावतीपुस्तकात तोच रकाना आहे म्हणतात.

दुसरे शिक्षक, नांदेड:
त्यात तथ्य आहे. परिपत्रकात ‘खर्च’ आणि पावतीवर ‘शुल्क’ असेल तर हिशेब तपासताना दोन वेगळ्या रकमा समजल्या जातील. मी परिपत्रकातही ‘सहल शुल्क’च ठेवीन. आणखी एक, पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांना १५ वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. नववीतली बरीच मुले त्यात येतील. मग सगळ्यांचे तिकीट शाळा काढणार हे वाक्यच चुकीचे ठरते.

शिक्षिका, जालना जिल्हा:
हे फार बरे सांगितलेत. मग मसुदा असा करते:

‘इयत्ता नववीची शैक्षणिक सहल वेरूळ व दौलताबाद येथे जाणार आहे. सहल शुल्क प्रत्येकी ४५० रुपये आहे. त्यात गाडीभाडे व जेवणाचा खर्च धरला आहे. वेरूळ व दौलताबाद येथे ज्या विद्यार्थ्यांना तिकीट लागेल, त्यांच्या तिकिटाचे पैसे याच रकमेतून दिले जातील. सोबतच्या संमतिपत्रावर आई, वडील किंवा घरी सांभाळ करणाऱ्या व्यक्तीने सही किंवा अंगठा करून ते शुल्कासह वर्गशिक्षकांकडे द्यावे.’

पालक, बीड जिल्हा:
हे आजीला वाचून दाखवलं तर समजंल. फक्त ‘शुल्कासह’च्या जागी ‘पैशांसह’ करा.

निवृत्त लेखनिक, परभणी:
वर एकदा शुल्क आलेच आहे, खाली पैसे चालतील.

दुसरे शिक्षक, नांदेड:
मला नाही पटत. एकाच कागदात एका रकमेला दोन नावे नकोत.

शिक्षिका, जालना जिल्हा:
दोन्ही मसुदे उद्या मुख्याध्यापकांपुढे ठेवते. पाठवण्याआधी एखाद्या पालकांकडून मोठ्याने वाचून घेईन, म्हणजे कुठे अडखळतात ते कळेल.