मदत हवी आहे: मराठी एसएमएसमध्ये नुसती प्रश्नचिन्हं

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यातल्या आमच्या दूध संस्थेच्या बिलाची रक्कम दर दहा दिवसांनी मी सभासदांना एसएमएसने कळवतो. बऱ्याच जणांकडे बटणाचे फोन आहेत आणि इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मजकूर मराठीतच हवा.

आधी तो तीन तुकड्यांत जायचा. त्याचं कारण कळलं. एका एसएमएसमध्ये १४० बाइट बसतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं. देवनागरीला १६, म्हणून ७०च. काना, मात्रा, जोडाक्षरातला हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘कोल्हापूर’ दिसायला चार अक्षरं, मोजणीत नऊ. त्यात ७० ओलांडले की तुकडे जोडायची माहिती जागा खाते आणि प्रत्येकी ६७ उरतात. माझा मजकूर १३८ चा, म्हणजे शेवटच्या चारांसाठी तिसरा एसएमएस!

नवीन कॉम्प्युटरवरून पाठवल्यापासून मात्र सगळ्यांना ????????? येतंय. ‘कोल्हापूर’च्या जागी बरोबर नऊ. लिटर-रुपयांचे इंग्रजी आकडे शाबूत, आणि पैसे एकाच एसएमएसचे कापले. यूटीएफ-८ चे बाइट सुटे वाचले असते, तर एकेका अक्षराचे तीन धरून २७ खुणा आल्या असत्या. म्हणजे मजकूर एसएमएस पाठवणाऱ्या सेवेपर्यंत नीट पोचतोय, पण तिथून पुढे पाठवताना ७ बिटांच्या तक्त्यात कोंबला जातोय.

त्या सेवेला जाणाऱ्या माझ्या विनंतीत `type=text` आहे. `type=unicode` केलं की पुरेल, की `dcs=8` वेगळं द्यावं लागतं? कुणी केलं असेल तर सांगा, परवा बिलं पाठवायची आहेत. म्हातारी माणसं संस्थेत हेलपाटे घालतायत.