घराण्याचा राग कोणाचा? सार्त्रच्या एका विधानावर चर्चा

निपाणीकर: आमच्या घरात आजोबांपासून रागीटपणा चालत आला आहे. गेल्या आठवड्यात मी रागाच्या भरात हातातला तांब्या भिंतीवर आपटला आणि माझी आठ वर्षांची मुलगी दाराआड जाऊन उभी राहिली. आई म्हणाली, ‘स्वभावाला औषध नाही.’ अस्तित्व आधी आणि सत्त्व नंतर, हे फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रचे म्हणणे खरे असेल, तर या रागाची जबाबदारी कोणाची?

टिळकवाडीचे निवृत्त प्राध्यापक: २९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिसमध्ये दिलेल्या व्याख्यानात सार्त्रने हाच प्रश्न भित्र्या माणसाच्या निमित्ताने हाताळला होता. लोहार कोयता घडवतो तेव्हा तो कशासाठी हवा हे त्याच्या मनात आधीच ठरलेले असते. माणसामागे असा घडवणारा सार्त्र मानत नाही, म्हणून माणूस आधी असतो आणि आपल्या कृतींनी पुढे काहीतरी होतो. माणूस हृदयामुळे, फुप्फुसांमुळे किंवा मेंदूमुळे भित्रा ठरत नाही, असे तो म्हणतो. प्रकृती नाजूक असू शकते, पण प्रकृती म्हणजे कृती नव्हे. माघार घेणे ही कृती आहे. जन्मजात भित्रेपणाची कल्पना लोकांना हवीशी वाटते, कारण मग काही करायचे उरत नाही, हेही त्याने त्याच व्याख्यानात सांगितले.

आपल्या बाबतीत डोके तापणे ही प्रकृती आणि तांब्या आपटणे ही कृती. या दोहोंमध्ये जागा आहे की नाही हे पाहायचे असेल, तर इतकेच आठवून पाहा, की कचेरीत वरिष्ठांसमोर असा राग आला तेव्हा हातातली वस्तू कधी भिंतीवर गेली का. मात्र एक सावधगिरी हवी. ‘मी रागीटच आहे’ म्हणणारा स्वतःला कोयत्यासारखी तयार वस्तू मानतो, हे खरे. पण ‘तो एक क्षण होता, मी तसा नाहीच’ म्हणणाराही झालेली कृती नाकारतो. सार्त्र दोन्हींना आत्मवंचनाच म्हणेल.

चिकोडीचा वाचक: मला हे पटत नाही. ऊसतोडीच्या टोळीतला मजूर मुकादमाकडून उचल घेऊन आलेला असतो आणि ती फिटेपर्यंत त्याला फड सोडता येत नाही. त्याला ‘तू स्वतंत्र आहेस’ असे सांगणे क्रूरपणाचे आहे. सार्त्रला परिस्थिती दिसतच नाही. शिवाय ज्या घरात भांडी आदळत होती तिथे वाढलेले मूल निवड करायला शिकण्याआधीच भांडे आदळायला शिकते.

अनगोळचे काका: अस्तित्व आधी म्हणजे आत्मा देहाआधी, हे आपल्याकडे केव्हाच सांगितले आहे. राग हे प्रारब्ध आहे, ते भोगूनच संपते.

निवृत्त प्राध्यापक: काका, इथे अस्तित्व म्हणजे आत्मा नव्हे, हे जगात येऊन पडलेले साधे असणे आहे, आणि भोगून संपणारे प्रारब्ध हे तर सार्त्रच्या अगदी उलट टोक झाले.

चिकोडीकर, आपला पहिला आक्षेप सार्त्रला लागू होत नाही. जन्म, वर्ग, भूतकाळ या न निवडलेल्या गोष्टी त्याने १९४३ च्या ग्रंथातच मान्य केल्या आहेत. उचल मजुराने निवडलेली परिस्थिती आहे, असे तो म्हणणार नाही. दुसरा आक्षेप मात्र मला मोलाचा वाटतो. त्याचाच मित्र मेर्लो-पाँती याने १९४५ मध्ये लिहिले, की वीस वर्षे जोपासलेला न्यूनगंड एका क्षणात झटकून टाकणे शक्य असले तरी संभवनीय नाही, कारण सवय गाळासारखी साचत जाते. पुढे सार्त्रनेही आपला सूर बराच खाली आणला आणि परिस्थितीने घडवलेला माणूस मिळाले ते जसेच्या तसे परत करत नाही, त्या छोट्याशा हालचालीला स्वातंत्र्य म्हटले. मला हे नंतरचे सार्त्र अधिक खरे वाटतात.

खानापूरची वाचक: माझे सांगते. पुण्यातली नोकरी सोडून मी आईच्या आजारपणासाठी गावी राहिले आणि लोकांना ‘काकांनी सांगितले म्हणून’ असे सांगत आले. सार्त्रकडे असाच एक विद्यार्थी आला होता. आईजवळ राहावे की इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्यात जावे, असे त्याने विचारले. सल्लागार निवडतानाच आपण उत्तर निवडलेले असते, हे सार्त्रचे म्हणणे वाचून मी थबकले, कारण काका ‘राहा’च म्हणणार हे मला ठाऊक होते. तरीही सर, माझ्या भावाला कोणी विचारलेसुद्धा नाही. निवड माझी होती हे मान्य केले, तर त्याची जबाबदारी आपोआप पुसली जाते, आणि ते मला मान्य नाही.

निपाणीकर: सर, वरिष्ठांसमोर हातातले काही कधीच आपटले नाही. आणि लिहिता लिहिता आणखी एक आठवले. तांब्यात पाणी होते. ते मी आधी मोरीत ओतले आणि मग तांब्या आपटला.

चिकोडीचा वाचक: पाणी ओतलेत, म्हणजे जागा होती, एवढे मी मान्य करतो. पण ती मुलगी उद्या मोठी होऊन हातातले काही आपटेल, तेव्हा सर तिलाही हीच कसोटी लावणार का?

निवृत्त प्राध्यापक: तिला लावेन, आणि तिच्या वडिलांनाही लावेन. त्यातला वाटा कसा ठरवायचा, हे मला सार्त्रमध्ये सापडलेले नाही.