सॉर्ट केल्यावर आकडे बदलले, एरर मात्र नाही

«एक्सेलमध्ये नावांप्रमाणे सॉर्ट केलं आणि एकूण बेरीजच बदलली. कुठेही एरर नाही. असं कसं?»

आमच्याकडे नव्यानेच लागलेल्या एका कारकुनाचंही हेच झालं. नवव्या ओळीतल्या मदतनिसाचा भत्ता चौथ्या ओळीतल्या प्रमुखाच्या पगाराच्या निम्मा, म्हणून D9 मध्ये होतं:

```
=C4/2
```

सॉर्टनंतर ती ओळ बाराव्या जागी गेली. एक्सेल सॉर्ट करताना सूत्र कॉपी केल्यासारखं हलवतं, म्हणजे «पाच ओळी वर» हे अंतर तेवढंच राहतं. सूत्र झालं =C7/2, आणि सातव्या ओळीत भलताच माणूस! त्याच ओळीतल्या सेलवरची सूत्रं मात्र बिनधोक राहिली, म्हणून बराच वेळ कुणाला शंकाच आली नाही.

त्याने मग $C$4 लिहून पाहिलं. तेही फसलं, कारण पत्ता चारच राहिला, पण तिथला माणूस बदलला. शेवटी E स्तंभात प्रमुखाचा A स्तंभातला कर्मचारी क्रमांक लिहून त्यावरून शोध लावला:

```
=INDEX($C$2:$C$40,MATCH(E12,$A$2:$A$40,0))/2
```

तुमच्या पत्रकात Ctrl+` दाबा, सूत्रं उघडी दिसतील. ज्यात दुसऱ्याच ओळीचा क्रमांक आहे, तेवढीच तपासा.