मदत हवी आहे: डिस्टिलेशन करून स्टुडंट मॉडेल काहीच सुधारत नाहीये, आणि चिपवर बसतही नाहीये

बारकी_चिप:
नमस्कार मंडळी, १२ वर्गांचं कीवर्ड ओळखणारं मॉडेल करतोय, एक सेकंदाचा आवाज, ४९ बाय १० एमएफसीसी. चिप कॉर्टेक्स एम४, रॅम फक्त ६४ केबी. टीचर मोठा रेसनेट आहे, टेस्टवर ९६.४ टक्के. स्टुडंट म्हणजे ६४ चॅनेलची छोटी डेप्थवाइज सेपरेबल सीएनएन, साधारण २२ हजार वेट्स. आता गंमत बघा, टीचरशिवाय शिकवला तर ९०.९ येतात आणि टीचर लावून ९०.८, म्हणजे चार दिवस जीपीयू चालवून हाती शून्य. T = 4 ठेवलाय.

```python
kd = F.kl_div(F.log_softmax(s/T, dim=1),
              F.softmax(t/T, dim=1))
loss = 0.9*kd + 0.1*F.cross_entropy(s, y)
```

दुसरं म्हणजे इंट८ केल्यावर वेट्स जेमतेम २२ केबी होतात तरी चिपवर `AllocateTensors()` फेल जातंय. काय चुकतंय कळेना, प्लीज सांगा कोणीतरी.

रानवारा:
T वाढव, २० करून बघ. ९६ टक्क्यांचा टीचर प्रत्येक उत्तर ०.९९ नेच देतो, मग स्टुडंटला लेबलपेक्षा वेगळं काय मिळणार. आणि मेमरीसाठी प्रूनिंग कर, अर्धे वेट्स शून्य केले की बसेल.

दिवाकर_७१:
पण एवढा मोठा रेसनेट ६४ केबीत चालवायचाच कशाला? टीचरलाच इंट८ करून बाहेरच्या फ्लॅशवर टाकता येईल की.

बारकी_चिप:
@दिवाकर_७१ नाही हो, टीचर चिपवर जातच नाही, तो फक्त ट्रेनिंगच्या वेळी पीसीवर असतो.

सोल्डरगन:
रानवारांचं निदान अर्धं बरोबर आहे. T वाढवल्यावरच टीचर "गो" ऐकताना "नो" कडे किती झुकतोय ते स्टुडंटला दिसतं, खरं शिकण्यासारखं तेच असतं. पण तुमच्या कोडमध्ये T वाढवला तर उलट आणखी बिघडेल. सॉफ्ट लॉसचा ग्रेडियंट साधारण T च्या वर्गाने लहान होतो, म्हणजे ४ ला १६ पट आणि २० ला ४०० पट. म्हणून त्या लॉसला T*T ने गुणायचं असतं, हिंटन वगैरेंच्या २०१५ च्या पेपरातच आहे हे. शिवाय `kl_div` ला reduction दिलं नाही तर ते बॅचसोबत वर्गांच्या संख्येनेही भागतं, म्हणजे अजून १२ पट कमी. पायटॉर्च याची वॉर्निंग देतं, तुमच्या लॉगमध्ये सुरुवातीलाच दिसली असेल.

हिशोब करा, १६ गुणिले १२ म्हणजे १९२. तुमचा ०.९ चा भाग प्रत्यक्षात ०.००५ सुद्धा नाही आणि लेबलचा ०.१ तसाच आहे. टीचर वर्गात बसलाय पण त्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतच नाहीये, आकडे सारखे आले यात नवल नाही.

```python
kd = F.kl_div(F.log_softmax(s/T, dim=1),
              F.softmax(t/T, dim=1),
              reduction='batchmean') * T*T
```

`kd` आणि क्रॉस एन्ट्रॉपी वेगवेगळे प्रिंट करत जा, एक दुसऱ्यापुढे नगण्य असेल तर लगेच कळतं. आणि लॉस एकदम मोठा होईल, तेव्हा लर्निंग रेट परत बघावा लागेल.

मेमरीचं दुखणं वेगळंच आहे, त्याचा ना डिस्टिलेशनशी संबंध ना प्रूनिंगशी. वेट्स फ्लॅशमध्ये असतात, रॅम खातात ते मधल्या लेयरचे आउटपुट. पहिल्या लेयरला स्ट्राइड १ आहे ना? मग ४९ × १० × ६४ म्हणजे ३१,३६० बाइट, आणि पुढच्या लेयरचा इनपुट नि आउटपुट दोन्ही एकाच वेळी जिवंत राहतात, झाले ६२,७२०. स्टॅक ठेवणार कुठे? स्ट्राइड २ केलात तर २५ × ५ × ६४, दोन्ही मिळून १६,००० बाइट.

उंबरठा:
माझं पण असंच काहीसं आहे, कॅमेऱ्याचं मॉडेल. मी टीचरचे लॉजिट्स एकदाच काढून फाइलमध्ये ठेवले, वेळ खूप वाचतो, पण फायदा अर्ध्या टक्क्याच्या वर जात नाही.

सोल्डरगन:
@उंबरठा स्टुडंटला क्रॉप, फ्लिप करून चित्र देताय आणि लॉजिट्स मूळ चित्राचे? मग टीचर भलत्याच चित्राचं उत्तर सांगतोय. तोच क्रॉप दोघांना दाखवा, वेळ जाईल पण इलाज नाही.

बारकी_चिप:
वॉर्निंग होती!! इतके दिवस स्क्रोल करत होतो. दोन्ही बदल केले, लर्निंग रेट निम्मा केला, स्ट्राइड २ असूनही ९२.७ आले आणि चिपवर मॉडेल चालतंय, मनापासून आभार सोल्डरगन. आता एकच अडलंय, इंट८ नंतर ९१.१ वर येतं आणि घसरण जवळजवळ सगळी "अननोन" वर्गातच आहे.

रानवारा:
प्रूनिंगचं माझं चुकलं, वेट्स शून्य झाले तरी आउटपुट तेवढेच राहतात हे लक्षातच नव्हतं.

सोल्डरगन:
कॅलिब्रेशनच्या क्लिप्समध्ये शांतता नि गोंगाट आहे का ते आधी तपासा. असूनही घसरत असेल तर शेवटचे थोडे एपॉक क्वांटायझेशन अवेअर ट्रेनिंगचे, टीचर तसाच ठेवून. "अननोन" च का घसरतोय हे मात्र कन्फ्युजन मॅट्रिक्स पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, टाका इथे.

बारकी_चिप:
क्लिप्स सगळ्या कीवर्डच्याच घेतल्या होत्या, गोंगाट एकही नाही. आज परत करतो आणि मॅट्रिक्स पण टाकतो.