दिवाळी प्रायोजकांची पत्रं: नावांची अदलाबदल

अनघा:
नमस्कार मंडळी,
काल रात्री इथल्या 14 जर्मन कंपन्यांना दिवाळीच्या प्रायोजकत्वाची पत्रं गेली. सकाळी एका बाईंनी विचारलं, "हे पत्र नक्की आमच्यासाठीच आहे ना?" मायन्यात नाव त्यांचं, पण मजकुरात कंपनी भलतीच. शिवाय 'माहितीपत्रक सोबत जोडले आहे' असं लिहिलंय आणि सोबत काहीच गेलेलं नाही. एक्सेलची यादी घेऊन वर्डमधून मेल मर्ज केलं होतं. पाठवण्याआधी पहिलं पत्र नीट वाचलं होतं, ते बरोबर होतं. चूक कुठे झाली असेल?

निखिल:
गेल्या वर्षीचं पत्र कॉपी केलं की हे होणारच. Ctrl+F करून जुन्या कंपन्यांची नावं शोध. पूर्ण नाव टाकू नकोस, एखादा तुकडाच टाक, म्हणजे कुठे नाव अर्धवट लिहिलेलं असलं तरी सापडेल. फाइलचं नाव आणि विषयाची ओळही बघ.

विलास:
माझ्या वर्गणीच्या पावतीवरही नाव चुकलंय. ती याच यादीतून गेली का?

सुधीरकाका:
विलास, पावत्यांची यादी वेगळी आहे, खजिनदारांना लिही.

निखिल म्हणतो ती तपासणी हवीच, पण इथे तिचा उपयोग नाही. यादीतली सगळी नावं याच वर्षीची आहेत, फक्त चुकीच्या ओळीत बसली आहेत. मी फाइल उघडून पाहिली. कंपनीचं नाव अ स्तंभात आहे, ब रिकामा आहे, संपर्काची व्यक्ती क मध्ये आणि ईमेल ड मध्ये. तो रिकामा स्तंभ कोणीतरी दिसायला मोकळं वाटावं म्हणून सोडला असणार. नंतर कंपन्या अकारविल्हे लावल्या. शेजारी भरलेला स्तंभ असता तर एकच स्तंभ निवडल्यावर एक्सेलने विचारलं असतं, बाकीचेही सोबत हलवायचे का. मधे रिकामा स्तंभ आला की यादी तिथेच संपली असं ते धरतं आणि काही न विचारता फक्त नावं हलवतं. पहिल्या कंपनीचं नाव आधीपासून वरच होतं, म्हणून अनघाला पहिलं पत्र बरोबर दिसलं.

अशी चूक पत्र वाचून सापडत नाही, यादीतच सापडते. प्रत्येक ओळीत कंपनीचं नाव आणि ईमेलमधला @ नंतरचा भाग शेजारी ठेवून बघायचा. 14 ओळींना दोन मिनिटं लागतात. काही कंपन्यांचे ईमेल मूळ कंपनीच्या नावाने असतात, तेवढ्या जुन्या पत्रव्यवहारातून पडताळायच्या.

माहितीपत्रकाचं कारण वेगळं आहे. वर्डच्या मेल मर्जमधून ईमेलला फाइल जोडताच येत नाही. म्हणून यादीची एक प्रत घेऊन तिच्यात ईमेलच्या जागी स्वतःचा पत्ता घालायचा आणि पहिली, मधली, शेवटची अशी तीन पत्रं आधी स्वतःला पाठवायची. आलेलं पत्र फोनवर उघडलं की काय गेलं नाही ते लगेच दिसतं.

मीनल:
काका, मी जर्मन मजकूर वाचला, त्यात आणखी एक गोष्ट खटकली. आपल्या 'आपण'सारखा त्यांचा 'झी' असतो, आणि त्याचं पहिलं अक्षर मोठंच लागतं. छोटं झालं की अर्थ 'ते लोक' असा होतो. दुसऱ्या परिच्छेदात त्याचंच 'आपल्याला' हे रूप, 'इनेन', छोट्या अक्षराने लिहिलंय, म्हणजे 'आम्ही आपल्याला पाठवत आहोत' ऐवजी 'आम्ही त्यांना पाठवत आहोत' असं वाचलं जातं. ज्यांच्याकडे पैसे मागतोय त्यांनाच परकं केल्यासारखं होतं. स्पेलचेक हे पकडेलच असं नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. शेवटी 'शुक्रवारपर्यंत कळवावं लागेल' आहे, तेही हुकूम सोडल्यासारखं वाटतं. तिथे 'शुक्रवारपर्यंत कळवू शकलात तर आम्हाला सोयीचं होईल' हवं. ऑफिसात मी पत्र मोठ्याने वाचते, तेव्हा असे शब्द कानाला टोचतात.

निखिल:
सगळ्यांना माफीचं पत्र पाठवावं का? आउटलुकमध्ये पाठवलेलं परत घेता येतं म्हणतात.

सुधीरकाका:
ते फक्त एकाच संस्थेच्या आतल्या पत्रांना. बाहेर गेलेलं गेलं. माझं मत, ज्यांच्या पत्रात नाव चुकलंय त्यांना आजच, दोन ओळीत, प्रत्येकाला स्वतंत्र.

मीनल:
मला वाटतं माहितीपत्रक तर कोणालाच गेलेलं नाही, तेव्हा सगळ्याच 14 जणांना लिहायलाच हवं. त्यातच नावाची दुरुस्ती येईल, वेगळी माफी कशाला?

अनघा:
काका, रिकामा स्तंभ काढला. जुन्या यादीशी ताडून पाहिलं, 9 नावं हलली होती. 'इनेन' आणि शुक्रवारची ओळ सुधारली. आता मर्ज नाही, एकेक पत्र हाताने पाठवते. आधी माहितीपत्रक जोडते, मसुद्यातूनच ते उघडून बघते आणि पत्ता सगळ्यात शेवटी टाकते. माफीचं मात्र दुपारपर्यंत ठरवा, तोवर मी त्या 9 जणांची पत्रं थांबवते.